पाठ्यपुस्तक विश्लेषण: सातवी विज्ञान, ‘हवा’. चारही रकान्यांत ‘योग्य’, तरी वही परत आली

दुधना
नमस्कार. बी.एड. दुसरं वर्ष, परभणी. प्रात्यक्षिकासाठी एका प्रकरणाचं विश्लेषण करायचं आहे. सातवीची एक खाजगी पूरक पुस्तिका घेतली आहे, प्रकरण ‘हवा: घटक व गुणधर्म’, सहा पानं. चार रकाने केले: आशयाची अचूकता, वाचनीयता, कृतींचा दर्जा, अभ्यासक्रमाशी सुसंगती. चारही ठिकाणी ‘योग्य’ लिहून खाली दोन-दोन ओळी कारणं दिली. मार्गदर्शक सरांनी लाल पेनने एवढंच लिहिलं: “हा अभिप्राय झाला, विश्लेषण कुठे आहे?”

प्रकरणातली मुख्य कृती मेणबत्तीची. ताटलीत पाणी घ्यायचं, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा घालायचा. ग्लासावर आधीच पाच सारख्या भागांच्या खुणा करायच्या. मेणबत्ती विझते, पाणी पहिल्या खुणेपर्यंत चढतं, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. त्याखालचं वाक्य जसंच्या तसं देते:

“ज्वलनासाठी आवश्यक असणाऱ्या व हवेच्या एकूण आकारमानाच्या सुमारे एक पंचमांश भाग व्यापणाऱ्या ऑक्सिजनचा वापर संपुष्टात आल्यामुळे मेणबत्ती विझते व त्यामुळे निर्माण झालेली पोकळी भरून काढण्यासाठी पाणी ग्लासमध्ये वर चढते, हे यावरून सिद्ध होते.”

हे वाक्य मी ‘वाचनीयता’मध्ये ‘किंचित लांब’ म्हणून नोंदवलं आहे. आणखी काय बघायचं असतं?

सिंदफणा
ताई, मेणबत्तीचा प्रयोग तर प्रस्तावनेला एकदम बेस्ट. पहिल्या पाच मिनिटांत घ्या, मुलं खूश होतात. मग फलकावर घटकांचा तक्ता, मग उपयोजनाचे दोन प्रश्न. टाचणात उद्दिष्टं आणि स्पष्टीकरणं वेगळी लिहा, त्यावर गुण कापतात.

दुधना
दादा, टाचण नाही लिहायचं, धडा तपासायचा आहे.

सिंदफणा
हां हां, पुस्तक परीक्षण. मग मुखपृष्ठ, बांधणी, कागद, टंकाचा आकार, किंमत हे मुद्दे विसरू नका.

खडूफळा
वाचनीयतेला आकडा द्या म्हणजे सर गप्प बसतील. सोपा मार्ग म्हणजे रिकाम्या जागांची चाचणी, क्लोज टेस्ट. अडीचशेच्या आसपास शब्दांचा उतारा घ्यायचा, पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण ठेवायचं, मधला दर पाचवा शब्द काढायचा, अशा ५० जागा करायच्या. ज्यांनी हा धडा वाचलेला नाही अशा मुलांना द्यायचं. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर मूल स्वतः वाचू शकतं, ४० ते ६० मध्ये शिक्षकाच्या मदतीने, ४० च्या खाली म्हणजे पुस्तक डोक्यावरून चाललंय. समानार्थी शब्द लिहिला तर बरोबर धरायचा, नाहीतर मुलांवर अन्याय होतो.

गोदाकाठ
खडूफळा सरांच्या चाचणीकडे नंतर येतो, त्यात एक गाठ आहे. आधी क्रम बघा. दुधनाताई, तुम्ही चार रकाने शेजारी-शेजारी मांडले आणि प्रत्येक वेगळा तपासला. त्यामुळे झालं असं की वर दिलेलं एकच वाक्य वाचनीयतेत ‘किंचित लांब’ म्हणून पकडलं गेलं आणि अचूकतेत सुखरूप सुटलं. ते वाक्य लांब आहे हा त्याचा लहान गुन्हा. मोठा गुन्हा म्हणजे ते चूक आहे. आणि चूक वाक्य सोपं करून दिलं तर मूल ती चूक अधिक पक्की शिकतं. म्हणून अचूकता आधी, बाकी सगळं नंतर.

अचूकता तपासताना पूर्ण धडा वाचून ‘बरोबर वाटतं’ म्हणायचं नाही. जे जे वाक्य खरं-खोटं करता येतं ते उचलून वहीत एकाखाली एक लिहायचं. पान क्रमांक, वाक्य, कशावर पडताळलं, निकाल. सहा पानांत अशी पन्नास-साठ वाक्यं सहज निघतात. निकाल नुसता बरोबर-चूक असा दोन खणांचा ठेवू नका, चार लागतात: बरोबर, जुनं झालेलं, वयासाठी सोपं केलेलं पण चालण्यासारखं, आणि चूक. आकृत्या आणि तक्तेही याच यादीत येतात, कारण बहुतेक जण आकृती तपासतच नाहीत.

तुमच्या पुस्तिकेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण किती दिलंय?

दुधना
०.०३ टक्के. नायट्रोजन ७८, ऑक्सिजन २१.

गोदाकाठ
नायट्रोजन, ऑक्सिजन बरोबर. ०.०३ हा ‘जुनं झालेलं’चा नमुना. आज ते ०.०४ च्या वर आहे. जुना आकडा एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत येतो. सातवीच्या मुलाचं त्याने फार बिघडत नाही, पण नोंद हवी, कारण पुढे हवामानबदलाच्या धड्यात तेच मूल वाढीव आकडा वाचणार आणि दोन्हींचा मेळ बसणार नाही.

आता मेणबत्ती. तीन गोष्टी डोळ्यांनी बघता येतात आणि तिन्ही पुस्तिकेच्या स्पष्टीकरणात बसत नाहीत.

पहिली: ऑक्सिजन संपत जाऊन पाणी चढत असेल तर मेणबत्ती जळत असताना ते हळूहळू चढत राहायला हवं. प्रत्यक्षात जळताना ते जवळपास जागेवर असतं आणि ज्योत विझल्यावर भसकन वर येतं. दुसरी: ग्लास घालताना कडेखालून बुडबुडे निघताना दिसतात, म्हणजे हवा बाहेर जातेय. तिसरी सगळ्यात पक्की: एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. एक पंचमांश जर ऑक्सिजनमुळे असेल तर मेणबत्त्यांच्या संख्येने फरक पडायचं कारण काय?

खरं कारण उष्णता. ज्योतीवर ग्लास घालेपर्यंत आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते. विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतलं पाणी आत ढकलतो. पाणी ‘पोकळी भरून काढण्यासाठी’ चढत नाही, त्याला तसा काही हेतू नसतो. वाक्यातली ही दुसरी चूक, तीही यादीत घ्या.

सिंदफणा
सर, पण ज्वलनात ऑक्सिजन वापरला जातो हे तर खरं ना? तो गेला तर जागा रिकामी होणारच.

गोदाकाठ
वापरला जातो, पण जाताना मागे काहीतरी ठेवून जातो. मेण म्हणजे ढोबळमानाने C₂₅H₅₂ धरा:

C₂₅H₅₂ + 38O₂ → 25CO₂ + 26H₂O

३८ भाग ऑक्सिजन गेला की २५ भाग कार्बन डायऑक्साइड येतो. वाफेचं पाणी होऊन ते काचेवर बसतं, ते सोडून द्या. म्हणजे रिकामी झालेली दोन तृतीयांश जागा लगेच भरली. शिवाय मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही, प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आलं की विझते. आता ५०० मिलीच्या ग्लासात हिशेब करा. २१ वरून १६ म्हणजे ५ टक्के, २५ मिली ऑक्सिजन गेला. साधारण १६ मिली कार्बन डायऑक्साइड आला. तो पाण्यात विरघळतो खरा, पण एवढ्या मिनिटभरात फारसा नाही. निव्वळ घट ८-९ मिली. ग्लासाच्या पाचव्या भागाचे होतात १०० मिली. आठ कुठे आणि शंभर कुठे.

पाणी बरोबर पहिल्या खुणेला येऊन थांबतं, हा ग्लासाचा, मेणबत्तीच्या उंचीचा आणि ग्लास किती सावकाश ठेवला याचा योगायोग. म्हणूनच हा प्रयोग पुस्तकांत टिकून राहिलाय. उत्तर बरोबर, कारण खोटं.

पैनगंगा
हे वाचून एक विचारते. आमच्या वर्गात निम्मी मुलं तांड्यावरची आहेत, घरी गोरमाटी बोलतात. ‘संपुष्टात’, ‘व्यापणाऱ्या’ हे शब्द त्यांना तिसऱ्या भाषेसारखे. खडूफळा सर म्हणतात ती चाचणी दिली तर सगळी चाळिसाच्या खालीच येणार. मग पुस्तक वाईट म्हणायचं की मुलांना मराठी येत नाही म्हणायचं?

खडूफळा
मॅडम, चाळिसाच्या खाली म्हणजे पुस्तक त्या मुलांना योग्य नाही, सरळ आहे.

दुधना
मी काल सराव शाळेत २८ मुलांना ही चाचणी दिली, उतारा याच धड्यातला. सरासरी ५० पैकी १९ आली, म्हणजे ३८ टक्के. पण उत्तरं बघताना गोंधळ झाला. मूळ शब्द ‘ग्लासमध्ये’, मुलांनी लिहिलं ‘ग्लासात’. मूळ ‘व’, मुलांनी ‘आणि’. असे सगळे बरोबर धरले तर सरासरी २७ होते, ५४ टक्के. कुठला आकडा लिहू?

गोदाकाठ
दोन्ही लिहा, आणि दोन्हींपुढे ते कसे मोजले तेही लिहा. हीच ती गाठ. ४० आणि ६० च्या सीमा ठरल्या त्या इंग्रजी उताऱ्यांवर, आणि मूळ शब्दच बरोबर धरण्याच्या नियमाने. समानार्थी चालवायचे आणि सीमा मात्र जुन्याच ठेवायच्या, हे जमत नाही. खडूफळा सर, मोजपट्टी बदलली तर खुणाही बदलाव्या लागतात.

मराठीत अडचण आणखी वाढते, कारण आपण शब्दयोगी अव्यय आणि विभक्ती शब्दाला चिकटवून लिहितो. इंग्रजीत जे दोन-तीन शब्द होतात ते आपल्याकडे ‘ग्लासामध्येच’ असा एक शब्द होतो. दर पाचवा शब्द काढला की मुलाला शब्दही ओळखायचा असतो आणि प्रत्ययही. त्यामुळे तोच आशय मराठीत कमी गुण दाखवू शकतो. ३८ पाहून ‘डोक्यावरून चाललंय’ म्हणू नका, ५४ पाहून ‘ठीक आहे’ही म्हणू नका.

पैनगंगा मॅडमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. त्याच मुलांना दोन उतारे द्या, एक पुस्तिकेतला आणि एक त्याच आशयाचा तुम्ही सुधारून लिहिलेला. अर्ध्या वर्गाला आधी हा, अर्ध्याला आधी तो. मुलं तीच, भाषेची पार्श्वभूमी तीच, मग फरक पडला तर तो मजकुरामुळेच. आकडा स्वतः काही सांगत नाही, दोन आकड्यांतलं अंतर सांगतं.

खडूफळा
मान्य, सीमा उसनी आहे. पण मग मराठीसाठी सीमा किती धरायची? कुठलीतरी रेघ लागतेच ना.

गोदाकाठ
मी तरी एक रेघ छातीठोकपणे सांगणार नाही. विश्लेषणात तुलना दाखवली तर रेघेशिवाय चालतं, असं माझं मत.

खडूफळा
मला नाही पटत. पुस्तक मंजूर करायचं की परत पाठवायचं हे तुलनेवर नाही ठरत. असो.

पैनगंगा
रेघेपेक्षा मुलं कुठल्या जागांवर अडली ते बघणं जास्त उपयोगाचं वाटतं. दुधना, त्या २८ कागदांत कोणत्या जागा जवळपास सगळ्यांच्या कोऱ्या होत्या?

दुधना
बघितलं. ‘आकारमानाच्या’ आणि ‘संपुष्टात’ बहुतेकांचं कोरं. गंमत म्हणजे ‘ऑक्सिजनचा’ हा शब्दसुद्धा अर्ध्यांनी सोडला, आणि तो तर त्यांना माहीत आहे.

पैनगंगा
मग शब्द अवघड म्हणून नाही सुटला, जागेमुळे सुटला. वाक्य मोजून बघ, ३३ शब्द. ‘ऑक्सिजनचा’ तेराव्या क्रमांकावर येतो. त्याआधीचे बारा शब्द म्हणजे त्याचीच विशेषणं: ज्वलनासाठी आवश्यक असणाऱ्या, हवेच्या अमुक भाग व्यापणाऱ्या. कोणाबद्दल चाललंय हे कळायच्या आधी मुलाला बारा शब्द डोक्यात धरून ठेवावे लागतात. ‘-णाऱ्या’ची अशी माळ हे पाठ्यपुस्तकी मराठीचं जुनं दुखणं. नुसते शब्द सोपे करून हे सुटत नाही. ‘संपुष्टात आल्यामुळे’च्या जागी ‘संपल्यामुळे’ केलं तरी माळ तशीच राहते.

‘ज्वलन’ आणि ‘आकारमान’ मात्र काढू नकोस, त्या विषयाच्या संज्ञा आहेत, मुलांना त्या यायलाच हव्यात. ‘संपुष्टात’, ‘व्यापणाऱ्या’, ‘निर्माण झालेली’ ही नुसती भरजरी भाषा. अवघड शब्दांची यादी करताना हे दोन ढीग वेगळे कर. पहिल्या ढिगातला शब्द पहिल्यांदा येतो तिथे चित्राने किंवा उदाहरणाने उलगडलाय का ते बघायचं. दुसरा ढीग सरळ काढायचा.

दुधना
असं केलं तर? “मेणबत्ती विझली की ग्लासातली गरम हवा थंड होते. थंड झालेली हवा कमी जागा घेते, म्हणून आतला दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो. तो ताटलीतलं पाणी ग्लासात ढकलतो.”

पैनगंगा
छान. प्रत्येक वाक्यातली गोष्ट पुढच्या वाक्याने धरली आहे. पुस्तकासाठी ‘ताटलीतील’ करावं लागेल, बाकी राहू दे.

लेथपट्टी
विज्ञानातलं फार कळत नाही, वाळूजला वर्कशॉप आहे. पण एक शंका. मेणबत्ती बाद, तर मग एक पंचमांश ऑक्सिजन मुलांना दाखवायचा कसा?

गोदाकाठ
लोखंडाने दाखवायचा, म्हणजे तुमच्याच मालाने. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि मागे कुठलाही वायू सोडत नाही, ना तिथे ज्योत असते. मेणबत्तीतल्या दोन्ही भानगडी टळतात.

उंच, अरुंद आणि एका बाजूने बंद असं काहीही चालतं, १०० मिलीचं मोजपात्र असेल तर उत्तमच. लोखंडाचा कीस ओला करून तळाशी घट्ट बसेल एवढा दाबायचा, पात्र पाण्याच्या भांड्यात उपडं करायचं आणि आतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. रासायनिक हिशेबाने १०० मिली हवेतला ऑक्सिजन संपवायला दहावा भाग ग्रॅमसुद्धा लोखंड लागत नाही, पण गंज फक्त पृष्ठभागावर चढतो, म्हणून दोन-तीन ग्रॅम बारीक कीस घ्या. तीन-चार दिवसांत पाणी २० मिलीच्या आसपास चढून थांबतं. ते थांबणंच महत्त्वाचं. कीस दुप्पट घेतला तरी पाणी तिथेच थांबतं, तीन मेणबत्त्यांसारखं पुढे पळत नाही.

लेथपट्टी
मग कीस नेताना विचारून न्या. लेथवरचा कीस तेलकट असतो, कटिंग ऑइल लागलेलं असतं. तसाच टाकला तर आठवडाभर गंज धरणार नाही. गरम पाणी आणि धुण्याच्या पावडरीने दोनदा धुवा. आणि दुकानातली चकचकीत स्टीलची घासणी घेऊ नका, ती गंजत नाही म्हणूनच विकतात. एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा कीस पण नको. ‘एमएस द्या’, म्हणजे माइल्ड स्टील, किंवा ‘बिडाचा द्या’ म्हणा. लांब कुरळ्या तारा आल्या तर हात जपून, पोरांच्या हातात सरळ देऊ नका, ब्लेडसारखं कापतं.

गोदाकाठ
झकास. धुतल्यावर मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवून काढला तर आणखी लवकर धरतो.

दुधना
हे लिहिताना कृतींच्या रकान्याचा घोळ लक्षात आला. मी रोमी पद्धतीने कृतिशीलतेचा निर्देशांक काढला होता. वाक्यं दोन गटांत वाटली. तथ्य, काढून दिलेले निष्कर्ष, व्याख्या आणि लगेच उत्तर दिलेले प्रश्न मिळून ६०. मुलांना विचार करायला किंवा कृती करायला लावणारी २७. भागाकार ०.४५. ०.४ ते १.५ मध्ये आलं, म्हणून ‘योग्य’ लिहिलं. आता वाटतंय की कृतीची वाक्यं मी डोळे झाकून दुसऱ्या गटात टाकली.

गोदाकाठ
त्या २७ पैकी कृतींच्या सूचना किती?

दुधना
१२. आणि तिन्ही कृतींच्या खाली ‘पाणी वर चढलेले दिसेल’, ‘फुगा खाली झुकलेला दिसेल’ असं छापलंय.

गोदाकाठ
निकाल छापला असेल तर मुलाने कृती केली काय, न केली काय, सारखंच. ती मुलाला शोधायला लावत नाही, फक्त निष्कर्ष सजवून सांगते. ती १२ वाक्यं पलीकडे टाका. वर १५ उरली, खाली ७२ झाली. ०.२१. म्हणजे कृतींनी भरल्यासारखं दिसणारं प्रकरण खरं तर नुसतं सांगणारं आहे. ही फेरवाटणी माझ्या मतानुसार केली आहे, म्हणून अहवालात दोन्ही आकडे आणि बदलाचं कारण लिहा.

सिंदफणा
सर, निकाल छापला नाही तर साठ मुलांच्या वर्गात कोण काय बघेल? आणि प्रश्न असा, चाचणीत ‘मेणबत्तीच्या प्रयोगातून काय सिद्ध होते’ आलं तर उत्तर काय लिहायचं? उत्तरसूचीत तर पुस्तिकेचंच असणार.

पैनगंगा
सिंदफणा, हे मात्र खरं दुखणं आहे. मुलाने बरोबर कारण लिहिलं तर त्याचे गुण जायचे.

गोदाकाठ
याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. विश्लेषण करणाऱ्याने स्वाध्यायातला तो प्रश्न चुकीच्या यादीत घ्यावा एवढं नक्की, कारण धडा दुरुस्त झाला आणि स्वाध्याय तसाच राहिला तर चूक मागच्या दाराने परत येते.

दुधना
शेवटचा रकाना, अभ्यासक्रमाशी सुसंगती. मी घटकांची नावं जुळवली होती. अभ्यासक्रमात ‘हवा’ आहे, पुस्तिकेतही आहे.

गोदाकाठ
नावं जुळवणं म्हणजे पाट्या वाचणं झालं. अध्ययन निष्पत्तीतलं क्रियापद बघा. ‘साधे प्रयोग करून प्रश्नांची उत्तरं शोधतात’ या अर्थाची निष्पत्ती घ्या आणि तिच्यासमोर तीन खण करा: कोणता परिच्छेद, कोणती कृती, कोणता स्वाध्याय. तुमच्या पुस्तिकेत परिच्छेद नाही. कृती आहे, पण उत्तर छापलेलं. स्वाध्याय आहे का?

दुधना
‘प्रयोगाची आकृती काढून निष्कर्ष लिहा.’

गोदाकाठ
ते पाठांतर. विषय जुळला, क्रियापद जुळलं नाही. असं प्रत्येक निष्पत्तीचं करा. कुठे परिच्छेद आहे पण स्वाध्याय नाही, कुठे स्वाध्याय आहे पण धड्यात त्याचा पायाच नाही, हे खण आपोआप दाखवतात. उलटी तपासणीही करा: धड्यातला कोणता भाग कुठल्याच निष्पत्तीला लागत नाही?

दुधना
अरगॉन आणि इतर निष्क्रिय वायूंचे उपयोग, जवळपास अर्धं पान. आणि मेणबत्तीची कृती मी अशी बदलून सुचवते आहे: “एक मेणबत्ती आणि तीन मेणबत्त्या, ग्लास तोच. पाणी कोणत्या वेळी जास्त चढेल? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा. पाणी मेणबत्ती जळताना चढते की विझल्यावर?” निकाल छापायचा नाही, शिक्षकांसाठीच्या पानावर द्यायचा.

खडूफळा
मी ती कृती काढूनच टाकली असती. ३५ मिनिटांची तासिका, तीन पेटत्या मेणबत्त्या, काचेचे ग्लास. लोखंडाची ठेवा, पुरे.

गोदाकाठ
मी दोन्ही ठेवीन. मेणबत्ती दाबासाठी, लोखंड ऑक्सिजनच्या प्रमाणासाठी. पुस्तिकेने पहिलीकडून दुसरीचं काम करून घेतलं, तिथे घोळ झाला. पण तासिकांचं म्हणणं बरोबर आहे. लोखंडाची कृती चार दिवस चालते, म्हणजे घटकाच्या पहिल्या तासिकेलाच लावावी लागेल आणि पुस्तकात ती पहिल्या पानावर यावी लागेल.

पैनगंगा
एक राहिलं. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला पत्र्याच्या वर्गात दुपारी ३८-४० अंश होतं. तेव्हा मोजलं तर?

गोदाकाठ
चुकेल. सकाळी २५ आणि दुपारी ३८ अंश असेल तर १०० मिली हवा चार-साडेचार मिलीने फुगते. वीस मिलीच्या उत्तरात ही चूक मोठी आहे, ऑक्सिजन सोळा टक्केच आहे असं मुलं लिहितील. सुरुवातीची खूण आणि शेवटचं माप एकाच वेळी घ्या, शाळा भरताना. कृतीच्या सूचनेत हे वाक्य हवंच, नाहीतर पुण्यात चालणारी कृती परभणीत फसते आणि मास्तर म्हणतो प्रयोगच खोटा.

लेथपट्टी
आणि भांड्यातलं पाणी चार दिवसांत उन्हाने आटतं, रोज वरून घालत राहा. पात्राचं तोंड उघडं पडलं की बाहेरची हवा आत शिरून सगळा कारभार पहिल्यापासून.